शाळेच्या क्रीडादिनाचा धोका-तपासणी तक्ता: ऊन, पाणी, साहित्य आणि देखरेख

क्रीडादिनाला सर्वांत मोठा धोका कशाचा, असं मला कुणी विचारलं तर मी उशिरा येणाऱ्या पाहुण्यांचा म्हणतो. यात चेष्टा नाही. सकाळी साडेसातचं उद्घाटन सव्वानऊला होतं, संचलनाची मुलं तोवर ‘विश्राम-सावधान’ करत उन्हात उभी असतात, भाषणं होतात, आणि १५०० मीटरची शर्यत, जी आठ वाजता संपायला हवी होती, ती अकराला सुटते. कागदावरचं नियोजन चांगलंच होतं, पण ते सकाळच्या गारव्याचं होतं आणि स्पर्धा झाली दुपारच्या उन्हात.

म्हणून तक्ता करायला बसलात की पहिली ओळ ही लिहा: तापमापीच्या कोणत्या आकड्याला कोणती स्पर्धा थांबणार, आणि ती थांबवण्याचा अधिकार कुणाचा. हे आदल्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या सहीने ठरलं पाहिजे. व्यासपीठावर पाहुणे, बाजूला पालक आणि रांगेत उभी मुलं असताना ‘थांबवूया का?’ हा प्रश्न कुणालाही विचारवत नाही. आधी ठरलेला आकडा असेल तर विचारावंच लागत नाही.

तक्त्याचा आकार

धोक्याला एक ते पाच गुण द्या, मग गुणाकार करा, अशी पद्धत कारखान्यात चालते. शाळेत त्या गुणाकाराचा उपयोग होताना मी पाहिलेला नाही. माझ्या तक्त्यात पाच रकाने असतात: धोका काय, कुठे, कुणाला, आपण काय करणार, आणि कोण किती वाजता बघणार. शेवटच्या रकान्यात ‘सर्व शिक्षक’ असं लिहिलं की ते काम कुणाचंच राहत नाही. तिथे एकाच माणसाचं नाव आणि घड्याळातली वेळ हवी.

ऊन: पारा एकटा पुरत नाही

मी आधी नऊ वर्षं वर्ध्याकडे शिकवत होतो. नोकरी बदलून कोकणात आलो तेव्हा इथल्या ३३ अंशांना मी हसायचो. पहिल्याच वर्षी रिलेचा एक मुलगा बॅटन देऊन तिथेच बसला, उठेना, आणि मी त्याला ‘ऊठ, काही नाही झालं’ म्हणत होतो. तो अर्ध्या तासात सावरला, पण माझी चूक मला तेव्हा कळली. घाम वाळला तरच अंग थंड होतं. दमट हवेत घाम नुसता ओघळतो.

हवेतला हा दमटपणा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. भूगोलाच्या कपाटात ओला-कोरडा तापमापी बहुतेक शाळांत असतो. नसेल तर दोन साधे तापमापी घ्या आणि एकाच्या फुग्याला स्वच्छ मलमल गुंडाळून ती पाण्याने भिजवा. दोन्ही मैदानाच्या मध्याजवळ छत्रीच्या सावलीत टांगा, पुठ्ठ्याने तीन-चार मिनिटं वारा घाला आणि मग आकडे वाचा. प्रयोगशाळेच्या खिडकीत घेतलेलं माप मैदानाला लागू पडत नाही.

आता फरक बघा. विदर्भातल्या कोरड्या दिवशी हवा ३७ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओला तापमापी २१ च्या आसपास दाखवतो. रत्नागिरीकडे हवा ३३ आणि आर्द्रता ६० टक्के असली की तोच आकडा २६-२७ वर जातो. उष्णतेचा ताण मोजण्याची जी पद्धत क्रीडावैद्यकात आणि सैन्यात वापरतात, तिच्यात सत्तर टक्के वजन या ओल्या आकड्याला असतं. उरलेलं उन्हाच्या झळीला आणि हवेच्या तापमानाला. म्हणजे धावणाऱ्या मुलासाठी रत्नागिरीचे ३३ अंश नागपूरच्या ३७ पेक्षा जड जाऊ शकतात. हवामान खातंही उष्णतेच्या लाटेचा विचार किनारपट्टीवर ३७ अंशांपासून आणि मैदानी भागात ४० पासून करतं, ते उगाच नाही.

मी स्वतः वापरतो ते आकडे असे आहेत. ते मुद्दाम सावध ठेवले आहेत, कारण आपली मुलं वर्षभर वर्गात बसतात आणि एक दिवस धावतात.

ओला तापमापी २२ च्या खाली असेल तर कार्यक्रम ठरल्याप्रमाणे. २२ ते २४ मध्ये दर वीस मिनिटांनी पाण्याची शिट्टी सक्तीची, आणि एका मुलाच्या दोन स्पर्धांमध्ये किमान अर्धा तास. २५ झाला की ८०० मीटर आणि त्यापुढच्या शर्यती आणि रस्सीखेच बंद. २७ झाला की सगळंच बंद. कोरड्या भागात ओला आकडा फसवतो, म्हणून तिथे कोरड्यालाही मर्यादा ठेवा: ३५ ला लांब शर्यती बंद, ३८ ला मैदान रिकामं. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी यातला प्रत्येक आकडा एक-दोन अंशांनी खाली आणायला हरकत नाही.

सराव ही या तक्त्यातली विसरली जाणारी ओळ आहे. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. सराव संध्याकाळी पाच वाजता आणि शर्यत सकाळी साडेदहाला, यातून ती सवय होत नाही. शेवटचे दहा दिवस स्पर्धेच्याच वेळेला, रोज थोडा वाढवत सराव घ्या.

आणि फक्त धावणाऱ्यांचा विचार करू नका. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, त्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. ते स्पर्धक नव्हते, प्रेक्षक होते. तासन्‌तास उन्हात बसले होते. आपल्याकडेही मंडप व्यासपीठावर असतो आणि पोरं फक्कीने आखलेल्या चौकोनात उन्हात. पैसे एकाच मंडपाचे असतील तर तो मुलांवर घाला. पाहुण्यांना छत्री पुरते.

चक्कर आणि उष्माघात यांतला फरक

हे तक्त्यात लिहून मैदानावरच्या प्रत्येक मोठ्या माणसाला वाचून दाखवा. थकलेलं मूल फिकट पडतं, घामाघूम असतं, मळमळतं, पण नाव विचारलं तर नीट सांगतं. त्याला सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, घोट घोट पाणी द्या.

मात्र नाव, इयत्ता, कोणत्या गटातून धावलास, या तीन प्रश्नांपैकी एकालाही विचित्र उत्तर आलं, मूल बडबडायला लागलं, चिडलं, झोकांड्या खायला लागलं, तर तो उष्माघातच समजून चाला. ‘अंग कोरडं नाही, घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज घातक आहे. धावताना झालेल्या उष्माघातात घाम येतच असतो.

अशा वेळी आधी थंड करायचं आणि मग हलवायचं. १०८ ला फोन एकाने लावायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी मुलाला ताडपत्रीवर घेऊन ताडपत्रीच्या कडा चौघांनी उचलून धरायच्या, म्हणजे तिचं टब होतं. त्यात पाणी आणि बर्फ ओतायचा, पाणी अंगाभोवती हलवत राहायचं, डोकं बाहेर धरून ठेवायचं. अर्ध्या तासाच्या आत ताप उतरवता आला तर मूल वाचण्याची शक्यता खूप वाढते, आणि ही वेळ रुग्णवाहिकेच्या वाटेत घालवायची नसते. शुद्ध हरपत असलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळीही देऊ नका, या तापावर ती चालत नाही.

बर्फासाठी आम्ही मासळी बाजारातून सकाळी सहाला दोन लाद्या आणतो. भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळल्या की दुपारपर्यंत टिकतात. तो बर्फ पिण्याचा नाही, म्हणून त्यावर चिठ्ठी लावतो आणि तरीही एक शिक्षक तिथे बसवतो. पोरांना बर्फ दिसला की काय होतं ते सांगायला नको.

पाणी: हिशेब आणि त्यामागचं न बोललं जाणारं कारण

नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला उन्हात खेळताना दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिलिलिटर पाणी लागतं, मोठ्या मुलांना त्याहून जास्त. मी हिशेबाला १५० धरतो, कारण सगळी मुलं सगळा वेळ पळत नाहीत. आमच्याकडे ४२० मुलं आणि चार तासांचा कार्यक्रम. तासाला ४५० म्हणजे चार तासांत एका मुलाला १.८ लिटर, एकूण ७५६ लिटर. मोठी माणसं ६०, त्यांना दीड लिटरप्रमाणे ९० लिटर. मुलांना घरून एक लिटरची बाटली आणायला सांगतो, पण अर्धी मुलं विसरतात किंवा नऊ वाजताच संपवतात, म्हणून त्यातले २१० लिटरच वजा करतो. उरले ६३६ लिटर, म्हणजे वीस लिटरचे ३२ जार. मी ३६ मागवतो. तोंड धुवायचं आणि डोक्यावर ओतायचं पाणी वेगळ्या टाकीचं.

जार एका जागी रचून ठेवले तर मुलं तिथे जात नाहीत. चार जागा करा, आणि कुठल्याही मुलाला पन्नास मीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. तोंड लावायचे ग्लास ठेवू नका, बाटली भरून देणारा माणूस ठेवा.

एवढं करूनही मुली पाणी पीत नाहीत. हे मला एका सहकारी बाईंनी सांगितलं, तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मैदानापासून स्वच्छतागृह लांब, कडी मोडलेली, आत पाणी नाही, दारात रांग. मग मुली सकाळपासून घोटभरही पाणी न पिता बसतात आणि साडेदहाला कोसळतात. त्यामुळे आमच्या तक्त्यात पाण्याच्या रकान्यातली पहिली ओळ स्वच्छतागृहाची आहे: कडी, बादली, पाणी, सॅनिटरी पॅड, आणि दारापाशी एक बाई. सकाळी सात आणि नऊला तपासणी. ही ओळ घातल्यापासून जार खरोखर रिकामे व्हायला लागले. मुलांना एक सोपी खूणही सांगून ठेवतो: लघवीचा रंग लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक, चहासारखा असेल तर आज धावायचं नाही, आधी येऊन सांगायचं.

क्षारसंजीवनीबद्दल, म्हणजे ओआरएसबद्दल, थोडं. एक तासाहून जास्त पळालेल्या किंवा पायात गोळे आलेल्या मुलाला ती द्यावी, सगळ्यांना वाटत सुटू नये; बाकीच्यांना साधं पाणी, मीठ घातलेले पोहे आणि केळं पुरतं. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. घाईत कुणीतरी ते एका ग्लासात ढवळून देतो, आणि तेवढं मीठ मुलाच्या पोटात गेलं की उलट त्रास होतो. पाकिटं नसतील तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. केलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. आणि रिकाम्या पोटी आलेली मुलं शोधा. सकाळी साडेसहाला हजेरीच्या वेळीच विचारा, कारण अनेकांनी गणवेशाच्या गडबडीत काहीच खाल्लेलं नसतं.

साहित्य: फेकींवर जास्त वेळ घालवा

खरचटणं, मुरगळणं होतच असतं. जीव जातो तो फेकीच्या प्रकारांत. ऑक्टोबर २०१९ मध्ये केरळात पाला इथे राज्यस्तरीय कनिष्ठ मैदानी स्पर्धेत भालाफेक आणि हातोडाफेक शेजारी शेजारी एकाच वेळी चालू होती. भाले गोळा करणाऱ्या शाळकरी स्वयंसेवकाला हातोडा लागला आणि काही दिवसांनी तो गेला. तिथे पंच होते, आखणी होती, अनुभवी माणसं होती. दोन क्षेत्रं एकमेकांत घुसली होती एवढंच. सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्याच रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात शाळेच्या सरावात भाला लागून एक विद्यार्थी गेला.

त्यामुळे नियम असा ठेवा: मैदानावर एका वेळी एकच फेक, आणि ती शक्यतो आदल्या दिवशी, बाकीची मुलं वर्गात असताना. क्षेत्र डोळ्याने ठरवू नका. फेकीच्या वर्तुळाच्या मध्यापासून वीस मीटरवर दोन खुंट्या ठोका. गोळा आणि थाळीसाठी त्यांच्यात बारा मीटर अंतर, भाल्यासाठी दहा मीटर, आणि भाल्याचं माप धावपट्टीच्या टोकाकडची कमान ज्या वर्तुळाचा भाग आहे त्याच्या केंद्रापासून, म्हणजे कमानीच्या आठ मीटर मागून. मध्य आणि खुंटी जोडणारी दोरी पुढे ताणत नेली की क्षेत्राच्या रेषा मिळतात. रेषांच्या बाहेर दोन्ही बाजूंना मी आणखी वीस मीटर मोकळे ठेवतो, दोरी बांधून. हे जमत नसेल एवढं मैदान लहान असेल तर भाला आणि थाळी रद्द करा. थाळीला जाळी नसेल तरीही.

सर्व फेकी संपल्याशिवाय कुणीही क्षेत्रात जायचं नाही. शिट्टी झाली की चालत जायचं. भाला उभा धरून, टोक खाली ठेवून आणायचा; फेकून परत द्यायचा नाही. जमिनीत तिरका रुतलेला भाला धावत येणाऱ्याच्या तोंडावर येतो, म्हणून उपटण्याआधी मागे कुणी नाही ना, ते बघायचं. गोळा आणि थाळी ओली असेल तर पुसून द्यायची.

रस्सीखेचीला काथ्याचा किंवा सुती जाड दोर घ्या. नायलॉनचा दोर ताणून तुटला तर चाबकासारखा परत येतो. तैपेईत १९९७ च्या एका सामूहिक रस्सीखेचीत नायलॉनचा दोर तुटून दोघांचे हात तुटून वेगळे झाले होते. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, हे शिट्टीआधी प्रत्येक वेळी बघा. शेवटच्या मुलाला ही सवय हमखास असते.

फक्कीबद्दल एक गोष्ट. दुकानदार फक्की संपली की ‘हा चुना घ्या, सारखाच आहे’ म्हणतो. तो सारखा नसतो. कळीचा किंवा विझवलेला चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, आणि पडलेल्या मुलाचा चेहरा नेमका रेषेवरच असतो. पोत्यावरचं नाव वाचा. शंका असेल तर चिमूटभर पाण्यात टाका. गरम झालं तर परत करा. पण नाही झालं म्हणून ते सुरक्षित ठरत नाही, कारण विझवलेला चुना गरम होत नाही. तरीही डोळ्यात गेलंच तर वीस मिनिटं सतत वाहत्या पाण्याने धुवा, आणि मगच दवाखाना.

उडीच्या खड्ड्यातली वाळू सकाळी फावड्याने खणून चाळा. काच, खडे, कुत्र्याची विष्ठा हे तिन्ही आम्हाला मिळालेलं आहे. बाकीचं साहित्य, म्हणजे अडथळे, पोती, चमचे, लंगडीच्या चौकटी, यांवर फार वेळ घालवू नका.

देखरेख: पंच म्हणजे पालक नव्हे

दरवर्षी होते ती चूक ही: सोळा शिक्षक, सोळाही कामात. कुणी घड्याळ धरतो, कुणी नाव लिहितो, कुणी माईकवर. मुलांवर नजर ठेवणारा एकही नाही. ज्याच्या हातात घड्याळ किंवा वही आहे तो देखरेखीत मोजायचा नाही, हा नियम करा. आमच्याकडे सोळांपैकी सहा जण मोकळे असतात, केशरी टोपी घालतात आणि त्यांना दुसरं काहीही काम सांगायचं नसतं, मुख्याध्यापकांनीही नाही. चार जण चार गटांजवळ, एक स्वच्छतागृह आणि मागच्या गेटापाशी, एक अंतिम रेषेच्या पुढे. अंतिम रेषेच्या पुढे का, तर मूल कोसळतं ते शर्यत संपल्यावर, जेव्हा सगळे पहिल्या नंबराकडे बघत असतात.

हजेरी तीनदा: आल्यावर, नाश्त्यानंतर, घरी सोडताना. प्रत्येक हजेरीत आकडा कागदावर आणि वेळ.

आजाराची माहिती पालकांकडून आठ दिवस आधी मागवा. प्रश्न थोडेच हवेत: दमा आहे का, फिट येते का, हृदयाचं काही, गेल्या पंधरा दिवसांत ताप किंवा कावीळ झाली का, रोजचं औषध कोणतं. दमा असलेल्या मुलाचा पंप त्याच्या दप्तरात नको, त्याच्या गटाच्या केशरी टोपीकडे हवा. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न यात घातलाच पाहिजे. नुसता वाहक असलेला मुलगाही उन्हात जीव तोडून पळाला तर कोसळू शकतो. त्याला खेळू द्या, पण सलग लांब शर्यतीत नको, आणि ‘पाय दुखतात’ म्हणाला की त्याच क्षणी थांबवा.

रुग्णवाहिकेसाठी तीन गोष्टी: गेटाची किल्ली कुणाकडे, पालकांच्या गाड्या गेटासमोर लागणार नाहीत हे कोण बघणार, आणि फाट्यावर उभं राहून वाट दाखवायला कोण जाणार.

एका शनिवारचा कागद

गेल्या फेब्रुवारीतला आमचा भरलेला तक्ता माझ्यासमोर आहे. सकाळी ७: कोरडा २२, ओला १९. संचलन ७.२० ला सुरू, पाहुणे आलेले नव्हते, आम्ही थांबलो नाही. ९ ला २७ आणि २२, त्यामुळे पाण्याची शिट्टी सक्तीची. ९.१० ला पाहुणे आले, त्यांचं भाषण शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या आणि अंतिम फेरीच्या मधल्या वीस मिनिटांत, मुलं मंडपात बसलेली असताना झालं. सव्वादहाला ३१ आणि २४. माईकवर कुणीतरी १५०० ची घोषणा आत्ता कुठे केली, कारण गोणपाट उडीतल्या वादावादीत पाऊण तास गेला होता.

अकराला समुद्रावरचा वारा सुटला. सगळ्यांना बरं वाटलं, पण वाऱ्याबरोबर दमटपणा आला आणि आकडे झाले ३२ आणि २५. पालकांपैकी एक जण म्हणाले, ‘अहो सर, आता तर हवा सुटली!’ मी त्यांना तापमापी दाखवला आणि मुख्याध्यापकांच्या सहीचा कागद दाखवला. १५०० ची मुलं बूट काढून मंडपात जाऊन बसली. ती शर्यत सोमवारी सकाळी सव्वासातला झाली, परिपाठाच्या आधी, सगळी शाळा कडेला उभी असताना. ओला तापमापी १९ वर होता.